शिफारसपत्र नव्हे, जबाबदारीपत्र

आमच्या विभागातील एका तरुण अध्यापिकेने आयुष मंत्रालयाच्या अनुदानासाठी प्रस्ताव सिद्ध केला. पूर्वी एक्स्ट्रा म्युरल रिसर्च या नावाने आपणा सर्वांना परिचित असलेली ही योजना २०२१-२२ पासून आयुर्ज्ञान योजनेचा भाग झाली आहे. विषय होता सातपुड्यातील सफेद मुसळी. अक्राणी व अक्कलकुवा परिसरातून आलेली आणि नंदुरबार, शहादा, तळोदा येथील दुकानांतून विकली जाणारी सुकी मुळे खरोखर सफेद मुसळीचीच आहेत काय, की सोललेली शतावरीवर्गीय मुळे त्यांत मिसळली जातात, याची तपासणी तिला करावयाची होती. सोबत विभागप्रमुखाचे समर्थनपत्र हवे होते.

प्रथम आम्ही जे पत्र लिहिले ते आता वाचताना संकोच वाटतो. ‘अर्जदार अत्यंत कष्टाळू व होतकरू असून विभागातर्फे त्यांना सर्व प्रकारचे सहकार्य देण्यात येईल.’ अशी पत्रे आपण सर्वांनीच लिहिली आहेत. परीक्षकाला त्यातून काहीच कळत नाही. प्रस्तावातील काम या माणसाकडून, या जागी, या साधनांनी होईल काय, हे त्याला पाहावयाचे असते. आणि ‘सर्व प्रकारचे’ या शब्दांत नेमके काय दिले हे कोणीच सांगू शकत नाही.

आम्ही पत्र बाजूला ठेवले व प्रस्ताव समोर घेतला. ४० नमुने, प्रत्येकातील ३ मुळे, म्हणजे १२० मुळांचे आडवे छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे. एका दुपारी नीट ४ मुळे होतात. म्हणजे ३० दुपारी. आठवड्याच्या दोन दुपारी मोकळ्या केल्या तर १५ आठवडे, आणि विद्यापीठीय परीक्षांचा काळ वगळावा लागतो. तेव्हा पत्रात लिहिले की, मंगळवार व शुक्रवार दुपारची प्रात्यक्षिके अन्य अध्यापक घेतील, व त्या अध्यापकाचा होकारही घेतला. विभागप्रमुखास वेळापत्रक बदलण्याचा पूर्ण अधिकार नसतो, म्हणून प्राचार्यांची प्रतिस्वाक्षरी घेतली. ती नसती तर ते वचन पोकळच होते.

साधनांच्या परिच्छेदात आणखी एक गोम निघाली. सूक्ष्मदर्शक, सुकविण्याची भट्टी व पातळ थरावरील वर्णलेखनाची साधी पेटी विभागात आहे. ती वापरता येईल असे आम्ही लिहिणार होतो. परंतु अंदाजपत्रकात अध्यापिकेने नवा सूक्ष्मदर्शक मागितला होता! पत्र म्हणते आहे, अंदाजपत्रक म्हणते नाही. अशा विसंगतीवर परीक्षक नेमके बोट ठेवतो आणि मग संपूर्ण अंदाजपत्रकच संशयास्पद ठरते. आमचा सूक्ष्मदर्शक छेद पाहण्यास पुरेसा आहे, पण त्यास छायाचित्र घेण्याची सोय नाही. तेव्हा मागणी केवळ कॅमेऱ्यापुरती ठेवली व पत्रात कारण दिले. एचपीटीएलसी यंत्र आमच्याकडे नाही, हेही स्पष्ट लिहिले. ती तपासणी बाहेरील प्रयोगशाळेत होईल व तिचा दर अंदाजपत्रकात आहे. उणीव सांगितल्याने पत्र दुबळे होईल अशी भीती काहींनी व्यक्त केली. आमच्या मते उलट होते. जो नाही ते सांगतो, त्याचे आहे ते खरे मानले जाते.

भूमिकेविषयी लिहिताना आम्हांस स्वतःला आवर घालावा लागला. विभागप्रमुखाने आपले नाव मुख्य संशोधक म्हणून घालण्याचा रिवाज जुना आहे. येथे प्रश्न तिचा, आराखडा तिचा. म्हणून मुख्य संशोधक तीच. आम्ही सहसंशोधक: दर महिन्यास नोंदवही तपासणार, आणि १२० पैकी २४ छेद नमुन्याचे नाव न पाहता स्वतंत्रपणे ओळखणार. दोघांची ओळख जुळली नाही तर तो नमुना पुन्हा पाहिला जाईल. खर्चाची मंजुरी, मदतनीसाची निवड व पहिले लेखकत्व तिच्याकडे.

सर्वांत अवघड वाक्य नोकरीचे होते. तिची नेमणूक ११ महिन्यांची, प्रकल्प २ वर्षांचा. ‘पुढेही सेवेत राहतील’ असे लिहिण्याचा आम्हांस अधिकार नाही. म्हणून नेमणुकीची मुदत जशी आहे तशी नमूद केली, आणि ती सोडून गेल्यास नोंदवह्या, छेदपट्ट्या व जतन केलेले नमुने विभागात राहतील, तिला त्यांचा वापर करता येईल व उर्वरित काम सहसंशोधक पूर्ण करील, असे लिहिले. परीक्षकाला हे पुरेसे वाटेल की नाही, ते आम्ही सांगू शकत नाही.

औषधालय-मालकांना येथे एक विनंती. या प्रकल्पासाठी नमुने तुमच्याच दुकानांतून यावयाचे आहेत. तुमचेही पत्र जोडले जाईल, त्यात ‘सहकार्य करू’ एवढेच नको. किती ग्रॅम, किती वेळा, खरेदीच्या पावतीची तारीख देणार की नाही, विकत की विनामूल्य, आणि अहवालात दुकानाचे नाव येणार नाही ही तुमची अट, हे सर्व लिहा. एका स्नेह्याने आम्हांस विचारले, ‘भेसळ निघाली तर?’ त्याचेही उत्तर पत्रातच हवे: निष्कर्ष प्रथम त्या मालकास कळविला जाईल, पण तो प्रसिद्ध करू नये असे म्हणण्याचा हक्क त्यास राहणार नाही. हे मान्य नसेल, तर नमुना देऊ नये.

दुसरे पत्र दीड पानांचे झाले. त्यात ‘होतकरू’ हा शब्द नाही.