तक्रार जुनी झाली म्हणून खोटी ठरत नाही

आपल्या सरकारी कचेऱ्यांत एक वाक्प्रचार आहे : 'दप्तरी दाखल'. तक्रारीवर काही केलं असो वा नसो, एकदा हे दोन शब्द लिहिले की टेबल मोकळं होतं. या भाषेची आम्ही सॉफ्टवेअरवाले चेष्टा करतो आणि आमच्या टेबलावर नेमकं तेच करतो. मीही केलंय, म्हणून लिहितोय.

मोकळ्या वेळात मी एका छोट्या मुक्त सॉफ्टवेअरवर काम करतो. त्यातून शाळांच्या गुणपत्रिका छापता येतात. वापरणाऱ्याला काही अडलं की तो गिटहबवर नोंद करतो. या नोंदीला आम्ही तिकीट म्हणतो आणि न सुटलेल्या तिकिटांच्या ढिगाऱ्याला बॅकलॉग. आमच्याकडे उघडी तिकिटं चारशेच्या वर गेली होती आणि कामाला माणसं तीन, तीही बिनपगारी. तेव्हा मी एक यंत्र बसवलं. `actions/stale` नावाचं हे यंत्र मुळात असं चालतं : 60 दिवस तिकिटावर हालचाल नसेल तर त्यावर 'शिळं' असा शिक्का मारायचा, आणखी 7 दिवस कुणी बोललं नाही तर बंद करायचं. काही आठवड्यांत आकडा शंभराच्या आत आला. आम्ही एकमेकांचं अभिनंदन केलं.

बंद झालेल्यांत मालेगावच्या एका उर्दू शाळेतल्या सरांचं तिकीट होतं. गुणपत्रिकेवर मुलांची नावं उर्दूत छापली की अक्षरं सुटी सुटी आणि उलट्या क्रमाने येत होती. उर्दूत एकच अक्षर शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी वेगळं रूप घेतं, आणि ओळ उजवीकडून डावीकडे जाते. आमचं पीडीएफ बनवणारं यंत्र या दोन्ही गोष्टी करत नव्हतं. सरांनी स्क्रीनचं चित्र, सॉफ्टवेअरची आवृत्ती, फॉन्टचं नाव, सगळं दिलं होतं. तरी तिकिटाला आमच्याकडून एकही उत्तर गेलं नव्हतं.

त्यांनी नोंद केली एप्रिलच्या अखेरीस, निकालाच्या दिवसांत. मग सुट्टी लागली. शिक्का पडला जूनअखेर, कुलूप लागलं जुलैच्या पहिल्या आठवड्यात. आता सांगा, गुणपत्रिकेचं सॉफ्टवेअर शिक्षक जूनमध्ये कशाला उघडेल? त्याला त्याची गरज पुन्हा पडणार ती पहिल्या सत्राच्या परीक्षेनंतर, दिवाळीच्या आसपास. सर गप्प होते कारण शाळेचं वर्ष तसं चालतं. यंत्राने त्या गप्प राहण्याचा अर्थ 'आता त्रास राहिला नाही' असा लावला. मी नंतर त्यांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, "भाई, ईमेल आला होता. इंग्रजीत होता, मला वाटलं जाहिरात आहे."

माझं भांडण इथे आहे. हे यंत्र तिकीट खरं की खोटं हे तपासत नाही, ते फक्त शांतता मोजतं. आणि शांत कोण असतं? ज्याने पहिल्याच वेळी सगळं नीट सांगितलंय, ज्याला पुन्हा सांगण्यासारखं काही उरलेलं नाही, तो. उलट जो दर दोन महिन्यांनी 'अजून आहे, अजून आहे' असं लिहीत राहतो, त्याचं तिकीट जिवंत राहतं. म्हणजे आपण लोकांना ओरडायला शिकवतो आणि मग ते ओरडतात म्हणून वैतागतो.

हा वाद जुना आहे. नेटस्केपच्या सुरुवातीच्या प्रोग्रॅमरांपैकी एक असलेल्या जेमी झविन्स्की यांनी 2003 सालीच ग्नोम प्रकल्पावर अशी टीका केली होती : तुम्ही दोष सुधारत नाही, सगळं नव्याने लिहिता आणि जुन्या तक्रारी न वाचताच बंद करता. आपण फक्त त्याच कामाला यंत्र लावलं.

माझे सहकारी म्हणतात, मग काय चारशे तिकिटं जन्मभर उघडी ठेवायची? मुळीच नाही. जे काम आपण करणारच नाही ते उघडं ठेवणं म्हणजे माणसाला खोट्या आशेवर ठेवणं. त्यापेक्षा तोंडावर दिलेला नकार बरा. बंद करायलाच हवं. माझं म्हणणं एवढंच की बंद करण्याचं कारण 'जुनं झालं' हे असू शकत नाही. कारण दुसरं असलं पाहिजे, ते खरं असलं पाहिजे आणि ते माणसाने सांगितलं पाहिजे.

दुसऱ्या खेपेला आम्ही हे कसं केलं ते सांगतो. आधी यंत्र थांबवलं. मग यादी काढली. यंत्राने बंद केलेल्यांपैकी एकालाही आम्ही उत्तर दिलं नव्हतं, म्हणून उघड्यांबरोबर तीही घेतली. उघडी शोधायला गिटहबची साधी ओळ पुरते :

```
is:issue is:open updated:<2022-01-01 sort:created-asc
```

यादी आली की तिकिटांचं वय विसरायचं आणि प्रत्येक तिकीट दहा मिनिटं स्वतः चालवून पाहायचं. 'नव्या आवृत्तीत पुन्हा तपासून सांगा' हे वाक्य लिहायची माझी पूर्वीची सवय होती. लोक सर्वात जास्त दुखावतात ते या वाक्याने. समोरच्याने एकदा तासभर घालवून लिहिलं, आपण वाचलं नाही, आणि आता पुन्हा त्यालाच कामाला लावतो. आपण दहा मिनिटं दिल्याशिवाय त्याची दहा मिनिटं मागू नयेत.

तपासल्यावर बहुतेक तिकिटं आपोआप वेगळी होतात. काही दोष मधल्या काळात सुटलेले असतात, फक्त कुणी कळवलेलं नसतं. काही एकमेकांची नक्कल असतात. तिथे जुनं की नवं न पाहता ज्यात माहिती जास्त आहे ते ठेवायचं. काही खरे असतात, पण आपण करणार नाही. थोडे असे असतात की माहितीच अपुरी आहे आणि विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. उरलेले खरे आणि करण्यासारखे. ते उघडेच राहतात, मग पाच वर्षांचे का असेनात.

सरांच्या तिकिटात दोन तक्रारी एकत्र होत्या, हे मला तेव्हा कळलं. पहिली म्हणजे अक्षरं जोडली जात नाहीत आणि क्रम उलटा येतो. दुसरी तळाशी एका ओळीत होती : नावं नस्तालीक वळणात छापता यावीत. पहिलीचा उपाय आमच्या आवाक्यात होता. अक्षरांना योग्य रूप देणारी हार्फबझ ही लायब्ररी जोडली आणि उजव्या-डाव्या क्रमाचं गणित नीट केलं. त्याच जोडणीने मराठीतला एक जुना दोषही गेला. 'कि'ची वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन पडते, ही एका कोकणातल्या शाळेची तक्रार होती आणि तीही यंत्राने बंद केली होती. नस्तालीकचं मात्र तसं नव्हतं. ते अक्षर तिरकं उतरत जातं, एका नावाला उंची जास्त लागते, आमचे रकाने त्याला पुरत नाहीत आणि सगळी मांडणी बदलावी लागली असती. तेवढं बळ आमच्यात नव्हतं.

म्हणून आधी नस्तालीकसाठी वेगळं तिकीट उघडलं, जुन्यात त्याचा दुवा दिला आणि मगच जुनं 'पूर्ण' म्हणून बंद केलं. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी बंद केलं तर माणसाला आधी नकाराचा ईमेल जातो आणि खुलासा मागून येतो. नवं तिकीट आम्ही 'नियोजनात नाही' असं बंद केलं. गिटहबवर 2022 पासून या दोन कारणांची खूण वेगळी दिसते, त्यामुळे न केलेलं काम केलं म्हणून मिरवता येत नाही. सोबत हे लिहिलं :

"सर, नावांची अक्षरं आता जोडून आणि योग्य क्रमाने येतात. आपण दिलेल्या यादीवर आम्ही छापून पाहिलं, चित्र जोडलं आहे. नस्तालीकसाठी गुणपत्रिकेची पूर्ण मांडणी बदलावी लागेल आणि आम्ही तिघे ते करू शकणार नाही, म्हणून ते बंद करत आहोत. मागणी चुकीची नव्हती. एवढा उशीर झाला, पहिल्यांदा उत्तरही दिलं नाही, ही आमची चूक. काही राहिलं असेल तर इथेच लिहा, उघडायचं काम आमचं."

शेवटचं वाक्य शिष्टाचारापुरतं नाही. यंत्राच्या निरोपात 'गरज वाटल्यास पुन्हा उघडा' असं आम्ही लिहिलं होतं. पण गिटहबवर प्रकल्पातल्या कुणी बंद केलेलं तिकीट साध्या नोंद करणाऱ्याला पुन्हा उघडताच येत नाही, त्याच्याकडे ते बटणच नसतं. काही प्रकल्प तर बंद तिकिटावर बोलायलाही कुलूप लावतात. दाराला बाहेरून कडी घालून 'या बसा' म्हणण्याचा हा प्रकार.

आणखी एक. बंद केलेल्या प्रत्येक तिकिटाचा ईमेल त्यावर बोललेल्या प्रत्येकाला जातो. म्हणून एका दिवसात वीसच्या वर बंद करायची नाहीत. एकाच माणसाची दहा तिकिटं असतील तर आधी त्याला एक निरोप लिहायचा. सकाळी उठून दहा नकार एकत्र वाचणारा माणूस अकरावी नोंद करत नाही.

यंत्राला मी पूर्ण हाकललेलं नाही. जिथे आम्ही प्रश्न विचारलाय आणि उत्तराची वाट पाहतोय, तेवढ्याच तिकिटांवर ते चालतं :

```yaml
- uses: actions/stale@v9
  with:
    only-issue-labels: 'needs-info'
    days-before-issue-stale: 180
    days-before-issue-close: 30
    days-before-pr-stale: -1
```

मुदत शाळेच्या सत्राकडे पाहून ठरवली आहे. यातही एक खाच आहे. समोरच्याने उत्तर दिलं तरी `needs-info` हे लेबल आपोआप निघत नाही. आपण ते काढायला विसरलो, तर पाळी आपली असताना सहा महिन्यांनी पुन्हा त्याच्याच तिकिटावर शिक्का पडतो. म्हणून आलेली उत्तरं दर आठवड्याला एकाने पाहायचीच.

एवढं करून आकडा शंभराच्या आत आलेला नाही. दीडशेच्या घरात आहे आणि तो खरा आहे. सहकाऱ्यांना तो अजून टोचतो. टोचू दे. तो आमच्या न झालेल्या कामाचा आकडा आहे, आणि ज्यांनी ते काम दाखवून दिलं त्यांना गप्प करून तो कमी करायचा नाही. सरांनी परवा नवी नोंद केली आहे : उर्दू नावाशेजारी इंग्रजी हजेरी क्रमांक आला की कंस उलटे छापले जातात. मी तपासलं. खरं आहे.