धुळवडीनंतरचा फ्रीज : थेंब कुठे पडतो?

धुळवडीच्या संध्याकाळी नागपुरातल्या बहुतेक मांसाहारी घरांतला फ्रीज गच्च भरलेला असतो. अशाच एका फ्रीजचा फोटो समोर आहे असे समजू. फ्रीज एकाच दाराचा. वर बर्फाचा कप्पा, त्याखाली चिलर ट्रे, मग काचेचे शेल्फ आणि तळाला भाज्यांचा ड्रॉवर. चिलर ट्रेमध्ये उद्यासाठी आणलेले अर्धा किलो चिकन आहे, दुकानातून आले तसेच गाठ मारलेल्या पातळ पिशवीत. मधल्या शेल्फवर उरलेल्या मटणाच्या रश्शाचे पातेले, झाकण तिरके. शेजारी चिरलेल्या काकडी-टमाटरची उघडी वाटी. ड्रॉवर अर्धवट बाहेर आलेला आणि त्यातून सांबाराची जुडी डोकावते.

पाहणाऱ्याची नजर आधी चिकनकडे जाते आणि 'गार जागी ठेवले आहे, ठीक आहे' असा निकाल लागतो. तो चुकीचा आहे. त्या चिकनवर साल्मोनेला किंवा कॅम्पिलोबॅक्टर असले तरी उद्या ते नीट शिजेल आणि जंतू मरतील. खरी काळजी त्याच्या खाली असलेल्या पदार्थांची आहे. अशा पिशवीतून गुलाबी पाणी हळूहळू झिरपते, आणि बर्फ वितळला की ट्रेमधले पाणीही त्यात मिसळून खाली उतरते. वाटेत आधी काकडीची वाटी लागते, मग रश्शाचे पातेले, शेवटी सांबार. रस्सा पुन्हा खळखळून उकळला तर निभावेल. काकडी मात्र कच्चीच खाल्ली जाते आणि सांबार शिजलेल्या भाजीवर सगळ्यात शेवटी पेरला जातो. या दोघांना विस्तव दिसतच नाही.

म्हणून फोटो पाहताना प्रत्येक वस्तूबद्दल दोनच प्रश्न विचारावेत. हिच्या वर काय आहे? आणि ताटात येण्यापूर्वी ही पुन्हा शिजणार आहे का?

कच्चे मांस सर्वांत खाली आणि शिजवलेले वर, हा नियम अन्नसुरक्षेच्या पुस्तकांत असतो. हॉटेलांच्या मोठ्या फ्रीजला तो सरळ लागू पडतो. घरच्या फ्रीजमध्ये मात्र तळाच्या शेल्फखाली भाज्यांचा ड्रॉवर असतो, त्यामुळे नियम शब्दशः पाळला तर मांस थेट सांबाराच्या डोक्यावर येते! यावर दोन उपाय आहेत. चिकन पिशवीसकट घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात घालावे, डबा उभ्या काठाच्या थाळीत ठेवावा आणि ती थाळी तळाच्या शेल्फवर सरकवावी. थेंब सुटलाच तर थाळीत अडकतो. दुसरा उपाय म्हणजे त्या दिवसापुरता ड्रॉवर मांसाच्या डब्याला द्यावा आणि भाज्या बंद पिशवीत वरच्या शेल्फवर न्याव्यात. नंतर ड्रॉवर साबणाच्या पाण्याने धुवावा. रस्सा आणि काकडी झाकून वर जातात. चिकन एक-दोन दिवसांत करायचे नसेल तर सरळ बर्फाच्या कप्प्यात ठेवावे आणि वितळवतानाही डब्यातच, तळाला.

फोटोतल्या रश्शाची आणखी एक अडचण आहे, ती जागा बदलून सुटत नाही. खोल पातेल्यातला दाट रस्सा मध्यभागी तासन्‌तास कोमट राहतो. शिजवताना तगून राहणारे काही जंतूंचे बीजाणू अशा कोमटपणात पुन्हा वाढू लागतात. रस्सा उथळ डब्यांत वाटून दोन तासांच्या आत आणि स्वयंपाकघर बत्तीस अंशांच्या वर तापले असेल तर तासाभरात आत जायला हवा. नागपुरात मार्चनंतर हा तासाचाच हिशेब धरावा.

फोटो तापमान दाखवत नाही, ही त्याची मोठी मर्यादा. साधा फ्रीज-थर्मामीटर पाण्याच्या पेल्यात बुडवून मधल्या शेल्फवर रात्रभर ठेवला की सकाळी खरे कळते. आकडा पाच अंश किंवा त्याखाली हवा. गच्च भरलेल्या फ्रीजमध्ये हवा फिरत नाही, म्हणून सणाच्या दिवशी तो हमखास चढलेला असतो. समोरून काढलेल्या फोटोत शेल्फची खालची बाजू आणि ड्रॉवरचा तळही दिसत नाही. वाळलेला तपकिरी डाग तिथेच सापडतो.

तो सापडला आणि त्याखाली उघडी काकडी होती, तर ती धुऊन भागत नाही. चिरलेल्या कडांत शिरलेले जंतू पाण्याने निघत नाहीत. ती वाटी टाकून द्यावी. सांबाराची जुडीही तशीच.