खंडाळ्याचा उतार आणि रीजनचा हिशेब

इलेक्ट्रिक गाडी घेतलेला ग्राहक गॅरेजमध्ये येऊन विचारतो, "घाट उतरताना बॅटरी चार्ज होते म्हणतात, मग माझी का झाली नाही?" त्याचाच शेजारी आणखी गंभीर तक्रार घेऊन येतो, "लोणावळ्याहून निघालो आणि पहिल्याच उतारावर गाडी सुटल्यासारखी झाली." दोघांच्याही गाडीत बिघाड नसण्याची शक्यता मोठी आहे. तरीही दोघांना नीट उत्तर मिळायला हवे, आणि ते देण्यासाठी आपल्याकडे आकडे हवेत.

माणसांसकट 1,700 किलो वजनाची, 30 युनिट बॅटरीची कार घेऊ. लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना ती साधारण 550 मीटर खाली येते. एवढ्या उंचीची ऊर्जा होते सुमारे अडीच युनिट. रस्ता 14 किलोमीटर आणि वेग ताशी 50 धरला, तर टायरचे घर्षण आणि वाऱ्याचा अडथळा यातच एक युनिट संपते. ते कोणतीही मोटर परत आणू शकत नाही. उरलेले दीड युनिट ब्रेकिंगचे. ते गिअर, मोटर आणि इन्व्हर्टरमधून बॅटरीत पोहोचेपर्यंत सव्वा युनिट राहते, आणि पुन्हा चाकापर्यंत नेले की जेमतेम एक. हाच घाट चढायला बॅटरीतून चार युनिटच्या वर गेलेले असतात. म्हणजे सगळे जुळून आले तरी चढणीच्या खर्चाचा तिसरा हिस्साही बॅटरीत परत येत नाही. मीटरवर हे सव्वा युनिट चार टक्के दिसते. ग्राहकाला हाच आकडा सांगावा.

हे सव्वा युनिट परत येते कसे, तेही पाहू. ॲक्सिलरेटर सोडला की इन्व्हर्टर मोटरच्या वेटोळ्यांतला करंट असा वळवतो की मोटरचा जोर फिरण्याच्या उलट दिशेने लागतो. चाके मोटरला फिरवू लागतात आणि मोटर जनरेटर होते. वेग कमी असताना मोटरमध्ये तयार होणारा व्होल्टेज बॅटरीपेक्षा कमी असतो, तरी चार्जिंग चालू राहते, कारण इन्व्हर्टरचे स्विच सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करून वेटोळ्यांच्या इंडक्टन्सच्या आधारे तो व्होल्टेज वर चढवतात. वेग अगदी उतरला की मात्र हाती येणारी वीज वेटोळ्यांच्या तापण्यातच खर्च होते आणि बॅटरीत काही जात नाही.

शेवटच्या टप्प्यातल्या या तोट्याची चर्चा फार होते, पण ऊर्जेच्या हिशेबात तो किरकोळ आहे. ताशी 50 वेगातल्या आपल्या कारमध्ये जी गतिज ऊर्जा असते, तिचा फक्त चार टक्के भाग ताशी 10 वेगाला उरलेला असतो. त्या टप्प्याचा प्रश्न ऊर्जेचा नसून पायाला ब्रेक कसा जाणवतो याचा आहे. मोटरचा जोर ओसरत असताना पॅडचा जोर तेवढाच वाढायला हवा. ही अदलाबदल बिनसली की गाडी थांबताना हिसका बसतो.

खरी उणीव जोरात ब्रेक मारताना दिसते. ताशी 60 वरून हलक्या पायाने थांबताना गाडी साधारण 40 किलोवॉट सोडते. ते मोटर आणि बॅटरी पचवू शकतात. समोर म्हैस आली आणि पाय गच्च दाबला, तर पहिल्या क्षणी दीडशे किलोवॉटच्या वर जाते. या वर्गातल्या गाडीची बॅटरी एवढे घेऊच शकत नाही. शिवाय मोटर सहसा एकाच ॲक्सलवर असते, आणि ओल्या रस्त्यावर एबीएस जागे झाले की रीजन कमी किंवा बंद केले जाते. जीव वाचवणारे ब्रेकिंग पॅड आणि डिस्कनेच होते.

आता त्या सुटलेल्या गाडीकडे येऊ. लोणावळ्यात नाश्ता होईपर्यंत बॅटरी 100 टक्के केली आणि गाडी थेट उतारावर घातली, तर ऊर्जा ठेवायला जागाच नसते. सेलचा व्होल्टेज वरच्या मर्यादेला टेकलेला असतो आणि बीएमएस चार्जिंग करंट जवळजवळ शून्यावर आणते. काही कंपन्या वरच्या टोकाला थोडी जागा राखतात, पण तिच्या भरवशावर राहू नये. पेट्रोल गाडी दुसऱ्या गिअरला टाकली की इंजिन तिला धरते. या गाडीला बहुधा गिअर एकच, आणि मोटरने हात काढला की धरायला उरते ती डिस्क. सगळे दीड युनिट मग पॅडवर उष्णता म्हणून उतरते. घाटमाथ्यावर चार्ज करणाऱ्याने 85 टक्क्यांवर थांबावे. हिशेबाने पाच टक्के जागाही पुरेल, पण करंटची मर्यादा वरच्या टोकाला आधीच आवळली जाते. बॅटरी थंड असली तरी हेच होते, कारण थंड सेलमध्ये जोराने चार्जिंग केले तर ॲनोडवर धातुरूप लिथियम साचते.

पण बॅटरी 75-80 टक्के असताना, उबदार हवेतही रीजन कमी झाले, तर तक्रार खरी समजावी. स्कॅनर लावा आणि लाइव्ह डेटात चार गोष्टी शेजारी शेजारी पाहा: बीएमएसने मान्य केलेला कमाल चार्जिंग करंट, सर्वांत वरचा सेल व्होल्टेज, सर्वांत खालचा सेल व्होल्टेज आणि सर्वांत कमी सेल तापमान. एकच सेल बाकीच्यांपेक्षा पुढे असेल, तर रीजनचा करंट येताच तो मर्यादेला टेकतो आणि बीएमएस सगळ्या पॅकला रोखते. अशा वेळी मोटर किंवा ब्रेक पेडलचा सेन्सर बदलून काही साधत नाही. दोष पॅकच्या समतोलात असतो, आणि गाडी अधिकृत बॅटरी वर्कशॉपकडे पाठवणेच योग्य.

आपल्या धंद्याशी सर्वांत जवळची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. रीजन उत्तम चालते, म्हणून डिस्क बसून राहते. पॅड नव्यासारखे जाड दिसतात आणि मेकॅनिक "ब्रेक ओके" लिहून मोकळा होतो. कोकणात एक पावसाळा काढलेल्या गाडीचे चाक काढून पाहा. मागच्या डिस्कच्या आतल्या बाजूला गंजाचा पट्टा असतो, कॅलिपरच्या पिना जाम असतात, एक पॅड चिकटलेला आणि दुसरा मोकळा. घाटात ज्या क्षणी रीजन हात वर करते, त्याच क्षणी या ब्रेकवर सगळा भार येतो. फोक्सवॅगनने आपल्या आयडी मालिकेतील अनेक गाड्यांना मागे ड्रम ब्रेक दिले, त्यामागे बंद ड्रम सहसा गंजत नाही हेही कारण होते.

म्हणून इलेक्ट्रिक गाडीचे ब्रेक किलोमीटरवर तपासू नका, महिन्यांवर तपासा. किनारपट्टीवरच्या गाडीची चारही चाके पावसाळा संपताच उतरवा, पिना साफ करून ग्रीस लावा, ब्रेक ऑइल गाडी किती चालली हे न पाहता कंपनीने सांगितलेल्या मुदतीत बदला. मग मोकळ्या सपाट रस्त्यावर गाडी न्यूट्रलला टाकून काही वेळा मध्यम जोराने ब्रेक मारा. बहुतेक गाड्यांत न्यूट्रलला रीजन होत नाही, त्यामुळे डिस्क घासून साफ होते आणि गाडी एका बाजूला ओढते का, तेही कळते. जॉबकार्डवर "पॅड जाडी" या रकान्याशेजारी "डिस्कची आतली बाजू" आणि "पिना मोकळ्या" हे दोन रकाने या महिन्यापासूनच वाढवा.