ग्रामसभेला किती माणसे आली, हे मुलांना मोजू द्या

सहावीच्या नागरिकशास्त्रात स्थानिक शासनसंस्था शिकवतात आणि प्रकल्पही देतात. बहुतेक प्रकल्प सारखेच होतात. मुले ग्रामपंचायतीत जातात, सरपंचांना दहा प्रश्न विचारतात, फोटो चिकटवतात आणि 'कामे' या मथळ्याखाली पाठ्यपुस्तकातलीच यादी उतरवतात. भेट होते, पण पाहणी होत नाही.

त्याऐवजी एकच विषय द्यावा : आपल्या गावची ग्रामसभा आणि तिची गणसंख्या.

महाराष्ट्रात ग्रामसभेची गणसंख्या मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी कमी असेल ती धरतात. समजा गावात १,२०० मतदार आहेत. १५ टक्के म्हणजे १८०, म्हणून येथे १०० माणसे लागतील. शेजारच्या गावात ४०० मतदार असतील, तर ६० पुरतील. हे गणित मुलांनी भेटीआधी मतदार यादीवरून करावे.

मग २६ जानेवारी किंवा १ मेच्या सभेला दोन मुले दाराशी बसवावीत. दर पंधरा मिनिटांनी डोकी मोजायची. बायका किती, पुरुष किती, हे वेगळे लिहायचे. मोजणीत ३८ माणसे भरली, तर सभा तहकूब करावी लागते. खरी मेख पुढे आहे. तहकूब सभा पुन्हा भरते, तेव्हा तिला गणसंख्येची अट नसते. म्हणजे १,२०० मतदारांच्या गावात घरकुलाचे लाभार्थी पंचवीस माणसेही ठरवू शकतात, आणि तेही नियमात बसते. ज्यांच्या मोहल्ल्यातली गटार यादीतून गळली, त्यांना हे नंतर कळते.

पुढची भेट कार्यालयात. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (गाव त्यांना अजून ग्रामसेवकच म्हणते) शिक्षकांनी आधी पत्र द्यावे आणि सभेची इतिवृत्त वही व हजेरीच्या सह्या पाहायला मागाव्यात. मुलांनी मोजलेली ३८ डोकी आणि वहीतल्या ११२ सह्या जुळत नसतील, तर प्रश्न विचारायचा. उशिरा आलेल्यांच्या सह्या असू शकतात. वही घरोघर फिरवलेलीही असू शकते. मुलांनी आरोप करू नये, दोन्ही आकडे शेजारी लिहावेत.

तिसरी नोंद महिला सभेची. प्रत्येक नियमित ग्रामसभेआधी ती घ्यावी लागते. तिथे पाण्याची मागणी झाली आणि ग्रामसभेच्या इतिवृत्तात तिचा उल्लेखच नाही, तर मागणी कुठे थांबली हे दोन पाने शेजारी ठेवताच दिसते.

एका सभेवरून गावाबद्दल निष्कर्ष काढता येणार नाही. पेरणीच्या दिवसांत माणसे येत नाहीत, शिवाय मुले पाहत आहेत म्हटल्यावर त्या दिवशी हजेरी वाढूही शकते. म्हणून वर्षातल्या चारही सभा मोजाव्यात.

काही जण म्हणतील, शाळेने गावच्या राजकारणात कशाला पडावे? पण ग्रामसभा खुली असते आणि मोजणे म्हणजे बाजू घेणे नव्हे. हीच मुले काही वर्षांनी त्या यादीतले मतदार होतील. सभा तहकूब झाली की घरी जायचे नसते, एवढे तरी त्यांना तोवर ठाऊक असेल.