‘रिअ‍ॅक्टिव्ह’ म्हणजे गरमी नव्हे

पोस्ट थोडी मोठी आहे, पण घरात कुणी गरोदर असेल तर वाचाच.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. ओळखीतला एक तरुण रात्री दहा वाजता दारात आला. म्हणाला, “दादा, ताईला सासरच्यांनी माहेरी आणून सोडलंय. हा कागद बघा.” ताई पाचव्या महिन्यात. कागद खाजगी लॅबचा. त्यावर एवढंच : व्हीडीआरएल – रिअ‍ॅक्टिव्ह, १:४. रिपोर्ट आणायला सासूबाई गेल्या होत्या. काउंटरवरच्या पोराने त्यांना चारचौघांत सांगितलं, “गुप्तरोगाची टेस्ट आहे, पॉझिटिव्ह आलीय.” घरी पोचेपर्यंत निकाल लागला होता. आपल्याकडे उपदंशाला ‘गरमी’ म्हणतात, आणि गरमी म्हटलं की सुनेचं चारित्र्य.

दुसऱ्या दिवशी तिला स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे नेलं. बाईंनी कागद पाहून आधी विचारलं, “महिनाभरात ताप आला होता का?” आला होता. तीन आठवड्यांपूर्वी, अंगदुखी, सांधेदुखी, व्हायरल. मग त्यांनी तिचं आणि नवऱ्याचंही रक्त घेतलं आणि टीपीएचए नावाच्या दुसऱ्या तपासणीला जिल्ह्याच्या गावी पाठवलं. तीन दिवसांनी रिपोर्ट आला. दोघांचाही निगेटिव्ह. नवऱ्याची व्हीडीआरएलसुद्धा निगेटिव्ह.

“मग पहिली लॅब चुकली?” मी विचारलं. बाई म्हणाल्या, “नाही हो. लॅब बरोबर होती. टेस्ट हे वेगळंच काहीतरी पकडते.”

हे ‘वेगळंच काहीतरी’ मी नंतर वाचून काढलं. व्हीडीआरएल उपदंशाचा जंतू शोधत नाही, आणि त्या जंतूविरुद्धची खास प्रतिपिंडंही शोधत नाही. ती शोधते कार्डिओलिपिन नावाच्या चरबीसारख्या पदार्थाविरुद्धची प्रतिपिंडं. हा पदार्थ आपल्याच पेशींत असतो, पेशीची ऊर्जा जिथे तयार होते तिथल्या पडद्यात. उपदंशात पेशींची नासधूस होते, तो पदार्थ उघडा पडतो आणि शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. जंतूच्या अंगावरही असाच पदार्थ असतो. लॅबमध्ये रक्तातला पातळ भाग या पदार्थाच्या बारीक कणांत मिसळतात. कणांच्या गुठळ्या झाल्या की ‘रिअ‍ॅक्टिव्ह’.

याचा इतिहासही मजेदार आहे. १९०६ मध्ये वासरमान यांनी जर्मनीत उपदंशाची रक्ततपासणी काढली. त्यात ते उपदंशाने दगावलेल्या अर्भकांच्या यकृताचा अर्क वापरत, कारण त्यात जंतू भरपूर असतात. थोड्याच काळात लक्षात आलं की निरोगी यकृताचा, अगदी बैलाच्या हृदयाचा अर्क वापरला तरी टेस्ट तशीच चालते. म्हणजे पकडलं जात होतं ते जंतूला नव्हे. १९४१ मध्ये मेरी पँगबॉर्न यांनी बैलाच्या हृदयातून तो पदार्थ वेगळा काढला. हृदयातला, म्हणून नाव कार्डिओलिपिन.

आता सरळ आहे. पेशींची पडझड उपदंशातच होते असं थोडंच आहे? व्हायरल ताप, मलेरिया, एखादी लस, कधी नुसतं गरोदरपण, यातही ही प्रतिपिंडं काही काळ तयार होतात आणि साधारण सहा महिन्यांत ओसरतात. कुष्ठरोगात, ल्युपससारख्या आजारात, कधी म्हातारपणात ती वर्षानुवर्षं टिकतात. याला ‘जैविक खोटा पॉझिटिव्ह’ म्हणतात. खोटा कशाबाबत? उपदंशाबाबत. प्रतिपिंडं खरीच असतात.

टीपीएचए उलट चालते. तिच्यात तांबड्या पेशींवर उपदंशाच्या जंतूचेच अंश चिकटवलेले असतात. जंतूविरुद्धची प्रतिपिंडं असतील तरच त्या पेशी एकमेकींना चिकटतात. म्हणून पहिली चाळणी, दुसरी खात्री.

ताईच्या कागदावरचा १:४ हा आकडाही बोलतो. रक्तातला पातळ भाग चौपट पातळ केला तोवरच गुठळी झाली, त्यापुढे नाही. खोट्या पॉझिटिव्हमध्ये हा आकडा बहुतेकदा १:८ किंवा त्याखाली असतो. पण नुसत्या आकड्यावर सुटका मानू नका. जुन्या किंवा अगदी नव्या उपदंशातही तो कमी असू शकतो. लागण ताजी असेल तर क्वचित टीपीएचएसुद्धा सुरुवातीला निगेटिव्ह येते. म्हणून बाईंनी चार आठवड्यांनी दोन्ही तपासण्या पुन्हा केल्या. टीपीएचए निगेटिव्हच, व्हीडीआरएल १:२ वर. साडेआठव्या महिन्यात व्हीडीआरएलही नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह. प्रकरण संपलं.

मग ही तपासणी बंदच करा, असं कुणी म्हणेल. अजिबात नाही. गरोदरपणात खरा उपदंश राहून गेला तर मूल पोटात दगावू शकतं किंवा आजार घेऊन जन्मतं. आणि इलाज सोपा आहे, वेळेत दिलेलं पेनिसिलिन. बाई म्हणाल्या, “पेशंट लांबच्या पाड्यावरची असती, परत येईल याची खात्री नसती, तर मी रिपोर्टची वाट न बघता इंजेक्शन दिलं असतं. बाळ वाचवायचं असतं. इंजेक्शन दिलं म्हणजे आरोप सिद्ध झाला असं नाही.”

गणित करून बघा. समजा, हजार गरोदर बायकांत खरा उपदंश दोघींना आहे आणि चाळणी शंभरात एकीला खोटी पकडते. म्हणजे रिअ‍ॅक्टिव्ह बारा जणी, त्यातल्या खऱ्या दोन. उरलेल्या दहा जणींना आपण काउंटरवर काय सांगणार आहोत?

आणखी एक गोष्ट, जी बहुतेक ठिकाणी राहून जाते. टीपीएचए निगेटिव्ह आली की कागद फाडून टाकू नका. सहा महिन्यांनंतरही व्हीडीआरएल रिअ‍ॅक्टिव्हच राहिली, किंवा बाईचे आधी गर्भपात झाले असतील, पायात रक्ताची गुठळी झाली असेल, तर डॉक्टरांना विचारा. अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम नावाच्या आजारात याच जातीची प्रतिपिंडं रक्त गोठवतात आणि गर्भ टिकू देत नाहीत. त्याच्या तपासण्या वेगळ्या असतात आणि किमान बारा आठवड्यांच्या अंतराने दोनदा कराव्या लागतात. ‘खोटा’ म्हणून सोडून दिलेला कागद कधीकधी दुसऱ्याच आजाराचं खरं सांगत असतो.

माझं म्हणणं एवढंच आहे. व्हीडीआरएल रिअ‍ॅक्टिव्ह आली तर लॅबने त्याच नमुन्यावर टीपीएचए करावी किंवा करून घ्यावी आणि दोन्ही निकाल एकत्र द्यावेत. ते जमत नसेल तर रिपोर्टवर मराठीत ठळक छापावं : ‘ही प्राथमिक चाचणी आहे, यावरून उपदंश ठरत नाही.’ आणि रिपोर्ट जिचा, तिच्याच हातात द्यावा. सासूच्या नाही, नवऱ्याच्या नाही. खरा उपदंश निघाला तरीही हाच नियम. आजार कुणाचाही असो, तो काउंटरवर ओरडून सांगायचा नसतो.

ताई सासरी परत गेली, मुलगी झाली, दोघी ठणठणीत आहेत. सासूबाई बारशाला सगळ्यांत पुढे होत्या. त्या दिवसाबद्दल घरात कुणी बोलत नाही. ताईने मात्र दोन्ही रिपोर्ट लॅमिनेट करून कपाटात ठेवलेत. मी विचारलं, कशाला? म्हणाली, “दादा, निगेटिव्हचा कागद कुणी मागायला येत नाही. पण उद्या कुणी काही बोललंच, तर असावा हाताशी.”