शंभर टक्क्यांचा संशय

मंडळी, आज जरा भांडणार आहे. भांडण एका शब्दाशी आहे आणि तो शब्द म्हणजे ‘ओरिजिनल’.

मोबाईल दुरुस्तीच्या आणि जुन्या मोबाईलच्या दुकानांत या शब्दाचे इतके हाल झालेत की विचारू नका. आमच्या नवी मुंबईत कुठल्याही स्टेशनबाहेर जा, नाहीतर वाशीच्या बाजारात एक चक्कर मारा. तिथे ‘ओरिजिनल’ असतं, ‘कंपनीसारखं ओरिजिनल’ असतं आणि ‘फर्स्ट कॉपी ओरिजिनल’सुद्धा असतं! चाळीस वर्षं मुलांना विरुद्धार्थी शब्द शिकवले. ‘अस्सल’च्या समोर ‘नक्कल’ लिहायचं, हे पाचवीतल्या पोराला कळतं. इथे मात्र दोन्ही शब्द हातात हात घालून काउंटरवर बसलेले.

यावर लोकांचं ठरलेलं उत्तर असतं, “अहो, चालतोय ना फोन? मग झालं!” माझं भांडण या वाक्याशीही आहे. चालतोय हे खरं. पण कुठवर चालेल आणि कुठल्या क्षणी बंद पडेल, हे आत बसवलेली बॅटरी ठरवते, दुकानदाराची जीभ नव्हे.

आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक वयस्कर जोडपं राहतं. मुलगा परदेशी. काकांच्या जुन्या आयफोनची बॅटरी एका दुकानातून बदलून आणलेली, बिल वगैरे काही नाही. एका रात्री काकू न्हाणीघरात पडल्या. काकांनी अँब्युलन्ससाठी फोन हातात घेतला तेव्हा त्यावर ३८ टक्के चार्ज दिसत होता. नंबर लावला आणि फोन काळाठिक्कर. ३८ टक्क्यांवरून सरळ शून्य! बिचारे धावत खाली आले आणि त्यांनी आमचं दार ठोठावलं. काकूंचं खुब्याचं हाड मोडलं होतं. आता त्या काठी घेऊन चालतात. त्या रात्री आम्ही घरी नसतो तर? हा प्रश्न काका अजून विचारतात.

हे होतं कसं, ते समजून घेण्यासारखं आहे. फोनला बॅटरीत किती वीज उरलीय ते प्रत्यक्ष दिसत नाही, तो अंदाज बांधतो. बॅटरीला जोडलेल्या छोट्याशा सर्किटकडून त्याला आकडे मिळतात. आतला सेल हलका किंवा थकलेला असला आणि सर्किट मात्र भलतंच सांगत असलं, तर पडद्यावरचा आकडा खोटा ठरतो. फोन लावताना विजेची मागणी एकदम वाढते, कमजोर सेलचा दाब कोसळतो आणि फोन स्वतःला बंद करून घेतो. शिवाय वाईट सेल कधी कधी आतून वायू धरून फुगतो आणि पडदा वर उचलतो. फुगलेला फोन दाबून बसवायचा नाही आणि चार्जिंगला तर मुळीच लावायचा नाही.

आता तपासायचं कसं, ते माझ्या धाकट्या जावेच्या फोनवरून सांगते. तिच्या मुलाने तिच्यासाठी एका दुकानात जुना आयफोन १२ पाहिला होता. पैसे देण्याआधी “मोठ्या काकूंना दाखवतो” म्हणाला, म्हणून मीही गेले. दुकानदार मुलगा उत्साही. “मॅडम, बॅटरी हेल्थ हंड्रेड पर्सेंट! एकदम ओरिजिनल.”

मला तिथेच संशय आला. वर्षभर काठावर पास होणाऱ्या मुलाला वार्षिक परीक्षेत शंभरपैकी शंभर मिळाले, तर कुठलीही बाई पेढे वाटण्याआधी त्याची उत्तरपत्रिका पुन्हा उघडून पाहते.

हिशेब सोपा आहे. आयफोन १२ बाजारात आला २०२० साली. आयफोन १४ पर्यंतच्या फोनच्या बॅटऱ्यांबद्दल खुद्द कंपनीच सांगते की नीट वापरल्यास ५०० पूर्ण चार्जनंतर क्षमता मूळच्या ८० टक्क्यांपर्यंत उतरावी. रोज एक पूर्ण चार्ज धरला तर ५०० दिवस, म्हणजे दीड वर्षाहूनही कमी. मग इतक्या वर्षांचा वापरलेला फोन शंभर टक्के कसा दाखवेल? एक तर तो डब्यातच पडून राहिला असेल, नाहीतर बॅटरी बदललेली असेल. बदललेली असणं हा गुन्हा नाही. प्रश्न एवढाच की कुठली घातली.

त्याचं उत्तर फोनमध्येच मिळतं. Settings मध्ये General, त्यात About उघडायचं. कुठला भाग बदलला असेल तर तिथे Parts and Service History असा मथळा दिसतो. फोनमध्ये आयओएस १५.२ किंवा त्यानंतरची आवृत्ती हवी. बॅटरीची नोंद आयफोन एक्सआर, एक्सएस आणि त्यानंतरच्या फोनांत दिसते, पडद्याची आयफोन ११ पासून पुढे. कंपनीचा भाग रीतसर बसवला असेल तर त्यापुढे Genuine Apple Part येतं. Unknown Part आलं तर भाग बाहेरचा आहे, किंवा दुसऱ्या फोनमधून काढलेला आहे, किंवा बसवण्याचं काम अर्धवट राहिलंय. म्हणजे Unknown दिसलं की लगेच ‘चोर, चोर’ ओरडायचं नाही, पण विचारायचं नक्की.

आमच्या त्या फोनमध्ये Display पुढे Unknown Part होतं. बॅटरीचा मात्र उल्लेखच नव्हता! आकडा शंभर आणि बदलल्याची नोंद नाही, या दोन गोष्टींचा मेळ बसेना. मी शांतपणे विचारलं, “बाळा, ही बॅटरी जर मूळची, तर हिने एवढ्या वर्षांत काहीच काम केलं नाही का?” तो हसला. मग म्हणाला, “मॅडम, बॅटरी आपणच टाकलीय. मेसेज येऊ नये म्हणून पट्टी लावलीय.”

ही पट्टी म्हणजे बॅटरीला जोडायची एक बारीक फीत. एका यंत्राने तिच्यावर हवा तो मजकूर चढवतात, मग फोनला वाटतं की आपली जुनीच बॅटरी आहे आणि ती ठणठणीत आहे. थोडक्यात, गुणपत्रिकेवर खाडाखोड. म्हणून नुसत्या पडद्यावरच्या नोंदीवर विसंबू नका. नोंद, आकडा आणि फोनचं वय, तिघांची साक्ष जुळते का ते बघा.

मग पडदा पाहिला. या कामाला दुकानात ‘फोल्डर’ किंवा ‘कॉम्बो’ म्हणतात. आयफोन १२ चा मूळ पडदा ओएलईडी असतो, म्हणजे त्याचा प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि काळा ठिपका चक्क विझलेला असतो. स्वस्तातला पर्याय एलसीडीचा, दुकानाच्या भाषेत ‘इनसेल’. त्याच्या मागे कायम दिवा लागलेला असतो. त्यामुळे परीक्षा अगदी घरगुती आहे. पूर्ण काळं चित्र पडदाभर लावा, उजेड पूर्ण वाढवा आणि फोन ओंजळीच्या अंधारात धरा. ओएलईडी बुडालेल्या विहिरीसारखा काळा दिसेल, एलसीडी राखाडी उजेड टाकेल. आमचा राखाडी निघाला. कंट्रोल सेंटरमध्ये उजेडाची पट्टी दाबून धरली की True Tone चं बटण दिसायला हवं, तेही गायब होतं. ते बटण दिसलं म्हणजे पडदा मूळचाच, असं मात्र समजू नका. यंत्राने ती माहिती नव्या पडद्यावर चढवता येते.

इतर फोनवाल्यांनी नाराज होऊ नका. काळ्या चित्राची युक्ती ओएलईडी पडद्याच्या कुठल्याही फोनला चालते. ज्या फोनमध्ये बोटाचा ठसा पडद्याच्या आतून घेतला जातो, त्यात एलसीडी घातला की तो ठसाच चालेनासा होतो. सॅमसंगच्या बऱ्याच फोनांवर डायल करायच्या जागी *#0*# टाकलं की रंगांची आणि स्पर्शाची चाचणी उघडते. बोट कडेकडेने फिरवा. मध्ये रेघ तुटली, किंवा हात न लावता पडदा स्वतःच टिचक्या मारू लागला, तर तो पडदा नको. असा पडदा तुमचा पिन तुमच्या आधी चुकीचा टाकतो.

“पण कंपनीचा भाग महाग असतो हो!” असतो, मान्य आहे. म्हणूनच बाहेरच्या कारागिरांवर माझा राग नाही. जुना फोन दुरुस्त होऊन वापरात राहावा, याच मताची मी आहे. सरकारनेही २०२२ साली ‘दुरुस्तीचा हक्क’ यावर समिती नेमली आणि त्याच डिसेंबरात त्याचं पोर्टल सुरू केलं. पण दुरुस्तीचा हक्क म्हणजे खोटं सांगण्याचा हक्क नव्हे. नकली पडदा नकली म्हणून, नकलीच्या किमतीत विका. ज्याला परवडेल तो घेईल. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे मालाच्या दर्जाबद्दल खोटं सांगणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे आणि बिल न देणंही त्यातच येतं. तक्रारीसाठी १९१५ हा नंबर आहे.

म्हणून बॅटरी किंवा पडदा बदलायला देण्याआधी About चं पान दाखवून त्याचा फोटो काढा आणि परत घेताना तेच पान पुन्हा उघडा. बॅटरी बसवण्याआधी हातात मागा. तिच्यावर भारतीय मानक ब्यूरोचं चिन्ह, आयएस १६०४६ आणि आर अक्षराने सुरू होणारा क्रमांक असायला हवा. हा क्रमांक ब्यूरोच्या बीआयएस केअर ॲपवर पडताळता येतो. बिलावर ‘कंपनीचा’, ‘दुसऱ्या फोनमधला’ की ‘कॉपी’, हे स्पष्ट लिहून घ्या. लिहायला जो नकार देईल, त्याने उत्तर दिलंच म्हणायचं!

जावेच्या मुलाने तो फोन तिथेच ठेवला. पुढच्या आठवड्यात दुसरीकडून घेतला. त्याची बॅटरी हेल्थ ८३ टक्के, मथळा वगैरे काही नाही, कडेला दोन ओरखडे. मला तो आकडा फार आवडला. काम केलेल्या माणसाच्या हाताला घट्टे असतातच की.

असो. आता हे वाचून झाल्यावर आपापल्या घरातल्या म्हाताऱ्यांचे फोन एकदा उघडून बघा. काय दिसतं ते कळवा.