मुखलेपाची जाहिरात आणि नाहीसा झालेला तीळ

गेल्या हिवाळ्यात नाशिकमधील एका फार्मसीचालक स्नेह्यांनी आपल्या मुखलेपाच्या जाहिरातपत्रकाचा मसुदा अभिप्रायार्थ माझ्याकडे पाठविला. त्यात व्यंगाने त्रस्त अशा एका रुग्णेची दोन छायाचित्रे शेजारी-शेजारी मांडली होती. पहिले मे महिन्यातील, दोन्ही गालांवर श्याव मंडले असलेले. दुसरे डिसेंबरातील, निष्कलंक व तेजस्वी. पाहता पाहता एका गोष्टीवर दृष्टी अडखळली. पहिल्या छायाचित्रात ओठाजवळ असलेला तीळ दुसऱ्यात नव्हता. जो लेप व्यंगावर काम करतो तो तीळ पुसत नाही. तो संगणकावर पुसला गेला होता आणि त्याबरोबर त्वचेची रंध्रेही. सजावटकाराने हे केले याची स्नेह्यांना कल्पनाही नव्हती.

मूळ छायाचित्रे मागवून पाहिली. तीळ जागेवर होता, तरीही फरक मोठाच दिसत होता. पहिले छायाचित्र चिकित्सालयातील ट्यूबलाइटखाली, पांढऱ्या भिंतीसमोर घेतले होते. दुसरे खिडकीकडे तोंड करून, काळसर पडद्यासमोर. कॅमेरा संपूर्ण दृश्याचा उजेड सरासरीवर आणू पाहतो. त्यामुळे पांढऱ्या पार्श्वभूमीवर चेहरा काळवंडतो आणि गडद पार्श्वभूमीवर तोच चेहरा उजळतो. वरून पडणारा प्रकाश डाग व खळगे ठळक करतो, समोरून येणारा मृदू प्रकाश ते झाकतो. येथे कोणी लबाडी केली नव्हती, पण औषधाच्या नावावर खिडकीचा गुण जमा झाला होता.

याहून सूक्ष्म दोष ऋतूचा. व्यंग उन्हाने वाढते हे आपण जाणतो. मे महिन्यातील उन्हात ते गडद होते आणि थंडीत अनेकदा आपोआप फिके पडते. गर्भावस्थेत आलेले व्यंगही प्रसूतीनंतर काही महिन्यांत पुष्कळदा कमी होते. शिवाय रुग्ण बहुधा विकार ऐन भरात असताना येतो, म्हणजे त्यानंतर थोडा उतार पडणे स्वाभाविकच. म्हणून मे व डिसेंबर यांची जोडी, एकही रेघ न बदलता छापली तरी, वाचकाची दिशाभूल करते.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ याच्या कलम ४ नुसार औषधाच्या खऱ्या स्वरूपाविषयी प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे खोटा समज करून देणारी जाहिरात निषिद्ध आहे, आणि जाहिरातीच्या व्याख्येत पत्रक, वेष्टन व लेबलही येते. चित्राने केलेला दावा शब्दांच्या दाव्याहून वेगळा ठरत नाही. श्वित्र तर त्या अधिनियमाच्या अनुसूचीतच असल्याने त्याच्या उपचाराची जाहिरात, छायाचित्रे खरी असली तरी, करता येत नाही. ब्रिटनमध्ये २०११ साली तेथील जाहिरात मानक संस्थेने लॅन्कोमची ज्युलिया रॉबर्ट्स यांचे छायाचित्र असलेली जाहिरात थांबविली. दिसणारा परिणाम उत्पादनाचा की छायाचित्रावरील संस्काराचा, हे कंपनीला दाखविता आले नव्हते. आपल्या पत्रकालाही हाच प्रश्न विचारला पाहिजे.

कोणी म्हणेल, इतर सर्वच निर्माते असे करतात, आपण मागे पडू. परंतु निर्दोष त्वचेचे चित्र पाहून आलेली रुग्णा तिसऱ्या आठवड्यात आरशात डाग पाहते आणि लेप सोडते. मग ती स्टेरॉइडयुक्त मलमाकडे वळते. त्याने काही दिवस चेहरा उजळतो, पुढे त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात आणि मलम थांबविताच विकार उफाळतो. अशी रुग्णा पुन्हा आपल्याच दारी येते, तेव्हा मूळ औषधावरचा तिचा विश्वास उडालेला असतो.

यासाठी फार खर्च लागत नाही. एकच खोली, एकच दिवा, एकच पार्श्वभूमी ठेवावी. रुग्णाच्या बैठकीची व कॅमेऱ्याची जागा जमिनीवर खुणेने निश्चित करावी. चेहरा धुतलेला, प्रसाधनरहित, केस मागे बांधलेले असावेत. मोबाइलचा ब्यूटी मोड बंद ठेवावा. हनुवटीखाली प्रत्येक वेळी तेच करड्या रंगाचे कार्ड धरावे. दोन चित्रांत कार्डाची छटा वेगळी दिसली तर ती जोडी बाद समजावी. छपाईत दोन्ही तारखा, सोबत घेतलेली अन्य औषधे व पाळलेले पथ्य लिहावे. सर्वोत्तम एक रुग्ण न निवडता सामान्यतः मिळणारा परिणाम दाखवावा. आणि चेहरा छापण्यापूर्वी रुग्णाची लेखी संमती घ्यावी.

त्या स्नेह्यांना मे महिन्यातील प्रकाश परत आणणे शक्य नव्हते. त्यांनी ती जोडी काढून टाकली व त्या जागी लेपाची घटकद्रव्ये आणि वापरण्याचा विधी छापला. नव्या रुग्णांची छायाचित्रे आता वरील पद्धतीने घेतली जातात. त्यांतील एका जोडीत मंडलाच्या कडा फिकट झालेल्या दिसतात, मध्यभाग अजून आहे, आणि हनुवटीवरील तीळ दोन्हीकडे आहे. माझ्या मते छापण्यायोग्य आहे ती हीच जोडी.